कुंड्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: आतला व्यास, भोकं, वजन आणि बाल्कनी

आमचं कुंड्यांचं दुकान इंदूरला आहे. पूर्वी गिऱ्हाईक यायचं ते अंगणासाठी किंवा गच्चीसाठी. आता बरीचशी मंडळी मल्टीत राहतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची चार फूट रुंद बाल्कनी हेच त्यांचं अंगण. त्यामुळे प्रश्नही बदलले. खाली दिलेली उत्तरं आम्ही रोज फोनवर देतो, तीच आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे आमची १२ इंची मातीची कुंडी धरली आहे. तिचा आतला व्यास काठाशी २८ सेंमी, तळाशी २० सेंमी, आतली खोली २६ सेंमी, तळाला २.५ सेंमीचं एक भोक आणि रिकामं वजन साधारण साडेपाच किलो.

कुंडी १२ इंची म्हणता, मग आतला व्यास २८ सेंमीच कसा? १२ इंच म्हणजे साडेतीस सेंमी झाले ना?

झाले. पण बाजारात कुंडीचा ‘इंच’ बाहेरच्या काठापासून बाहेरच्या काठापर्यंत मोजतात. कुंभारही तसंच सांगतो, होलसेलवालाही तसंच. झाडाला मात्र बाहेरच्या मापाशी काही देणंघेणं नाही, त्याला आतली जागा लागते. मातीच्या कुंडीची भिंत सव्वा सेंमीच्या आसपास असते, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून अडीच सेंमी तिथेच गेले.

खरा फरक कळतो तो वेगवेगळ्या प्रकारच्या कुंड्या शेजारी ठेवल्यावर. आमच्याकडच्या १२ इंची प्लॅस्टिकच्या कुंडीचा आतला व्यास ३० सेंमी आहे, मातीच्या कुंडीचा २८ आणि सिमेंटच्या कुंडीचा २६. दोन-दोन सेंमीचा फरक किरकोळ वाटतो. पण मातीचं प्रमाण व्यासाच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे खोली तेवढीच असेल तर सिमेंटच्या कुंडीत प्लॅस्टिकच्या कुंडीपेक्षा पाऊण हिस्साच माती मावते. लेबल तेच, १२ इंची. म्हणून आम्ही प्रत्येक कुंडीखाली आतला व्यास वेगळा लिहितो, आणि काठाचा व तळाचा असे दोन्ही आकडे देतो.

हाताने घडवलेली कुंडी भट्टीत थोडी आवळते आणि कधी किंचित लंबगोलही होते. त्यामुळे घरी मोजाल तर एकमेकांना छेद देणाऱ्या दोन दिशांनी टेप लावा आणि लहान आकडा खरा माना. अर्धा-एक सेंमी इकडेतिकडे निघाला तर तो दोष नव्हे.

रोपवाटिकेतून आणलेली प्लॅस्टिकची कुंडी तशीच शोभेच्या कुंडीत ठेवायची आहे. कोणतं माप बघू?

काठाचं नव्हे, तळाचं. सगळे काठ मोजतात आणि कुंडी अर्ध्यात अडकते, कारण बाहेरची कुंडी खाली निमुळती होत जाते. आतल्या कुंडीच्या तळाचं बाहेरचं माप घ्या आणि ते शोभेच्या कुंडीच्या तळाच्या आतल्या व्यासाशी ताडून बघा. दोन सेंमी मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर बाहेर काढताना बोटं जात नाहीत.

याच कारणाने मडक्याच्या आकाराच्या, म्हणजे पोट मोठं आणि तोंड लहान अशा कुंडीत बहुवर्षायू झाड लावायला आम्ही नको म्हणतो. दिसायला ती सगळ्यांत देखणी, हे मान्य. पण दोन वर्षांनी मुळांचा गोळा पोटाच्या आकाराचा होतो आणि तोंडातून निघत नाही. मग एक तर मुळं कापायची, नाहीतर कुंडी फोडायची.

कुंडीत माती किती लागेल, हे कसं काढायचं?

काठाचा आणि तळाचा आतला व्यास सेंमीत घ्या आणि दोन्हींचा सरासरी आकडा काढा. त्या आकड्याला त्यानेच गुणा, मग मातीच्या उंचीने गुणा, मग ०.७८५ ने. हजाराने भागलं की लिटर आले. आमच्या १२ इंची कुंडीत पाणी घालायला वरचे ३ सेंमी रिकामे ठेवले तर मातीची उंची २३ सेंमी होते. मातीच्या वरच्या पातळीला व्यास २७ भरतो, तळाला २० आहेच, सरासरी साडेतेवीस. हिशेब बरोबर १० लिटरवर येतो. हा लिटरचा आकडा लिहून ठेवा, वजनाच्या प्रश्नात पुन्हा लागणार आहे.

यादीत लिहिलेलं वजन रिकाम्या कुंडीचं की भरलेल्या?

रिकाम्या कुंडीचं. ते उपयोगी आहे गाडीवरून नेण्यासाठी आणि जिन्याने वर चढवण्यासाठी. बाल्कनीसाठी मात्र जवळजवळ निरुपयोगी, कारण बाल्कनीवर भार पडतो तो पाणी प्यायलेल्या कुंडीचा. आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा कुंडीचा नसतो, मातीचा असतो.

वरच्याच १० लिटरचं बघा. शेतातली किंवा प्लॉटवरची काळी माती भरली आणि भरपूर पाणी घातलं, तर लिटरला साधारण १.८ किलो धरा, म्हणजे १८ किलो. माती, शेणखत आणि कोकोपीट समभाग घेतलं तर ओलं मिश्रण लिटरला सव्वा किलोच्या आसपास येतं, म्हणजे साडेबारा किलो. कोकोपीट आणि गांडूळखतावर भर असलेलं हलकं मिश्रण लिटरला किलोभर, म्हणजे १० किलो. कुंडी तीच, भोक तेच, पण आतल्या मातीने आठ किलोंचा फरक पाडला. मातीच्या कुंडीची भिंत स्वतःही अर्धा-पाऊण किलो पाणी पिते, ते वेगळं.

हलकी कुंडी घेऊन त्यात काळी माती भरणारे लोक आम्हाला नेहमी भेटतात. फायबरची महागडी कुंडी घेऊन वाचवलेले चार किलो, फुकटच्या मातीत दुप्पट परत जातात.

मग बाल्कनीवर किती वजन चालतं?

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

इमारतींवरच्या भारासाठी भारतीय मानक ८७५ आहे. त्याच्या १९८७ च्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या बाल्कनीसाठी किमान भार दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरायला सांगितला आहे, म्हणजे ढोबळमानाने ३०० किलो. हा आकडा अनेकांना माहीत असतो. त्यापुढचा सहसा नसतो: बाल्कनीच्या बाहेरच्या कडेवर दर धावत्या मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो भार तपासायला सांगितलं आहे. कारण उघड आहे. बहुतेक बाल्कन्या भिंतीतून बाहेर काढलेल्या सपाट फळीसारख्या असतात, पुढे खांब नसतो. पाटाच्या टोकावर मूल बसलं की पाट उलटतो, तेच मूल मागे सरकून बसलं की काही होत नाही. वजन तेवढंच, जागा वेगळी. आणि आपण कुंड्या नेमक्या ठेवतो कुठे? उन्हासाठी कठड्याला चिकटून, म्हणजे अगदी टोकावर.

सुदामा नगरातल्या एक काकू आल्या होत्या, त्यांचा हिशेब इथे मांडतो. तिसरा मजला, बाल्कनी १० फूट लांब आणि ४ फूट रुंद. कठड्याच्या कडेने १६ इंची सिमेंटच्या कुंड्यांची रांग हवी होती, माती गावच्या शेतातली आणणार होत्या. १० फुटांत अशा सात कुंड्या बसतात. या कुंडीचा आतला व्यास काठाला ३६ आणि तळाला २६ सेंमी. वरचे ३ सेंमी सोडून मातीची उंची ३१ सेंमी राहते, म्हणजे साडेबावीस लिटर माती. ओली काळी माती झाली ४० किलो, रिकामी कुंडी २१ किलो, झाड धरून एक कुंडी ६२ किलोंची. सात कुंड्यांचे ४३४ किलो.

आता चौरस मीटरने बघितलं तर बाल्कनी ३.७ चौरस मीटरची, म्हणजे अकराशे किलोंची मुभा. काकूंचे यजमान हाच हिशेब करून आले होते आणि निर्धास्त होते. पण रांग आहे कडेवर. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. ४३४ भागिले ३.०५, म्हणजे मीटरला १४२ किलो. कडेसाठी धरलेला सगळा भार कुंड्यांनीच खाल्ला. त्यात गणपतीची मिरवणूक बघायला चार माणसं कठड्याला रेलली की काय?

शेवटी असं ठरलं. लिंबू आणि कढीपत्ता यांना मोठी कुंडी लागतेच, म्हणून त्या दोन १६ इंची फायबरच्या घेतल्या आणि घराच्या भिंतीला लागून ठेवल्या. फायबरची भिंत पातळ असल्याने तिच्यात माती थोडी जास्तच मावते, तरी हलक्या मिश्रणासह एक तीस-बत्तीस किलोंच्या आत. मोगरा, जास्वंद, गवती चहा अशा पाच झाडांना १२ इंची मातीच्या कुंड्या कठड्याकडे, एक जेमतेम १९ किलोंची. कडेवर आता मीटरला ३१ किलो येतात. लिंबाला भिंतीजवळ ऊन पोचतं का, ही काकूंची शंका रास्त होती. त्यांची बाल्कनी पश्चिमेची असल्याने दुपारनंतर तिरपं ऊन थेट भिंतीपर्यंत जातं, म्हणून जमलं. उत्तरेच्या बाल्कनीत हा तोडगा चालला नसता.

आमचं घर जुनं आहे. हेच आकडे लागू होतील का?

नाही. हे आकडे नियमाप्रमाणे बांधलेल्या सिमेंट काँक्रीटच्या बाल्कनीचे आहेत. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या लाकडी किंवा फरशीच्या सज्ज्यावर आम्ही कुंडी विकत नाही असं नाही, पण दोन-चार हलक्या कुंड्यांपलीकडे सल्लाही देत नाही.

नव्या बांधकामातही तीन गोष्टी बघा. बाल्कनी जिथे घराच्या भिंतीला मिळते तिथे फरशीच्या सांध्यात सरळ रेघेसारखी भेग आहे का? अशा बाल्कनीत ताण वरच्या बाजूला येतो, त्यामुळे भेग आधी वर पडते. खालून बघणाऱ्याला ती दिसत नाही. दुसरं, खालच्या मजल्यावरून वर बघा, छताचे पोपडे निघून गंजलेली सळई दिसते का? तिसरं, पूर्वी बाहेर वाहून जाणारं पाणी आता वेगळ्याच कोपऱ्यात साचतं का? यातलं एकही असेल तर कुंड्या खाली उतरवा आणि इंजिनिअरला दाखवा. आमच्याकडे येऊ नका, आम्ही कुंड्यावाले आहोत.

भोक एक असावं की पाच? १२ इंचाला किती मोठं?

मातीच्या कुंडीला मधोमध अडीच सेंमीचं एक, किंवा प्लॅस्टिकच्या कुंडीला सेंमीभराची पाच. दोन्हींतून पाणी जवळपास सारखंच जातं. फरक पडतो कुंडी कशावर ठेवता त्यावर. गुळगुळीत टाइलवर सपाट तळाची कुंडी ठेवली की मधलं एकुलतं एक भोक टाइलच बंद करते. बुडाला मारलेलं बूच म्हणा ना. कुंडीखाली विटेचे किंवा टाइलचे तीन तुकडे द्या, बोटभर उंची पुरे. तळाजवळ बाजूने भोकं असलेली कुंडी असेल तर हा त्रास कमी.

प्लॅस्टिकच्या कुंडीत भोकांच्या जागी नुसत्या खुणा असतात, त्या आपण फोडायच्या असतात. हे सांगायची गरज नाही असं आम्हाला वाटायचं. मग एका पावसाळ्यात तीन जण मेलेला मोगरा घेऊन आले, तिघांच्या कुंड्यांना भोकंच नव्हती. तेव्हापासून आम्ही भोकं पाडूनच देतो. नको असतील तर तसं सांगा.

निचरा चांगला व्हावा म्हणून तळाला खडी घालावी ना?

घालू नये. आजीपासून आईपर्यंत सगळ्यांनी घातली, आम्हीही घालायचो. पण ओल्या मातीतलं पाणी खालच्या खडीत सहज उतरत नाही. माती बारीक कणांची, ती पाणी धरून ठेवते. खडीतल्या मोठ्या पोकळ्या ते ओढून घेऊ शकत नाहीत. त्यामुळे माती जिथे संपते तिथेच एक चिखलाचा थर उभा राहतो. खडी नसती तर हा थर तळाशी राहिला असता, खडी घातल्याने तो दोन इंच वर, मुळांच्या आणखी जवळ आला. खडीचं वजन वाढलं ते वेगळंच.

भोकावर एक खापरीचा तुकडा बाक वर करून ठेवा किंवा मच्छरजाळीचा चौकोन टाका, एवढंच. त्याने माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही. त्यावर थेट मिश्रण.

पाणी घातल्या घातल्या खालून निघून जातं. म्हणजे निचरा उत्तम आहे ना?

आपल्या माळव्यात तरी असं समजू नका. काळी माती सुकली की आवळते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि कडेने बोटभर फट पडते. तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ भोकाबाहेर जातं. ताटली भरते, तुम्हाला वाटतं झाड पाणी प्यायलं, आणि मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत राहतो. एप्रिल-मेमध्ये रोज पाणी घालूनही पानं मान टाकत असतील तर सळई किंवा जुनी विणकामाची सुई मध्यभागी खोल खुपसून बघा. कोरडी बाहेर आली तर हेच झालंय.

तात्पुरता उपाय: कुंडी अर्ध्या उंचीपर्यंत बादलीतल्या पाण्यात तासभर ठेवा, माती खालून पाणी ओढून फुगते आणि फट मिटते. कायमचा उपाय म्हणजे पुढच्या वेळी काळी माती तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नका. नुसती वाळू मिसळून काम भागेल असं समजू नका. थोडी वाळू चिकण मातीत हरवून जाते आणि वजन तेवढं वाढवते. खत आणि कोकोपीट मिसळा.

इंदूरच्या उन्हाळ्यात कोणती कुंडी बरी? माती, प्लॅस्टिक, सिमेंट की फायबर?

पश्चिमेची बाल्कनी असेल तर मातीची. तिच्या भिंतीतून पाणी झिरपतं आणि वाळताना भिंत थंड ठेवतं, माठाचं तत्त्व तेच. मोबदल्यात ती जास्त पाणी मागते, मेमध्ये १२ इंचीला रोज, कधी दोन वेळा. सुट्टीत आठ दिवस गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना किल्ली द्यावी लागेल.

काळी प्लॅस्टिकची कुंडी चारच्या उन्हात हात लावून बघा, मग तिच्या भिंतीला चिकटलेल्या मुळांचं काय होत असेल ते समजेल. सावलीच्या बाल्कनीत मात्र तीच सोयीची, हलकी आणि पाणी धरणारी. फायबर दोन्हींच्या मधलं: हलकं, टिकाऊ, महाग. सिमेंट तळमजल्यावर आणि अंगणात उत्तम. दुसऱ्या मजल्यावर सिमेंट कशाला, हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

मातीची कुंडी चांगली भाजलेली आहे हे कसं ओळखायचं?

हातावर तोलून बोटाच्या पेराने वाजवा. टणटणीत, घुमणारा आवाज आला तर पक्की. बद्द आवाज आला तर एक तर कच्ची आहे किंवा कुठेतरी बारीक तडा आहे. लाल रंगावर जाऊ नका, गेरू फासला की सगळ्याच लाल. कच्ची कुंडी पहिल्या पावसाळ्यात काठाकडून पापुद्रे सोडते.

कुंडीवर पांढरी बुरशी येते. बदलून द्याल का?

बहुतेक वेळा ती बुरशी नसते, क्षार असतात. बोरिंगच्या जड पाण्यातले क्षार भिंतीतून बाहेर येऊन तिथेच वाळतात. नखाने खरवडल्यावर पिठूळ पडले तर क्षार. ब्रश आणि पातळ व्हिनेगर लावून निघतात, पण झाड आत असताना व्हिनेगर मातीत जाऊ देऊ नका. नर्मदेचं पाणी घालणाऱ्यांना हा त्रास कमी होतो. बदलून मात्र देत नाही.

ताटली घ्यावी का?

खालच्या मजल्यावरच्यांशी बोलणं चालू ठेवायचं असेल तर घ्यावी. मात्र पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती रिकामी करा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी आठवडा-दहा दिवसांत उडणारे डास होतात, तेव्हा आठवड्यातून एकदा ताटली घासलीच पाहिजे, कारण अंडी कडेला चिकटून राहतात.

कठड्यावर टांगायच्या कुंड्या मिळतात का?

मिळतात, पण कठड्याच्या आतल्या बाजूला टांगणार असाल तरच घ्या. बाहेर टांगलेली पाच किलोंची कुंडी तिसऱ्या मजल्यावरून खाली कोणाच्या डोक्यावर येईल हे तिला माहीत नसतं. जूनच्या आधीच्या वावटळींत हुक निसटतात.

तुळशी वृंदावन बाल्कनीत ठेवता येईल का?

सिमेंटचं दोन फुटी वृंदावन रिकामंच ३५ किलोंच्या पुढे जातं, तेव्हा भिंतीला लागून, कोपऱ्यात. दोन गोष्टी घेण्याआधी बघा. वरच्या खळग्याचा आतला व्यास बहुधा फार लहान असतो, १५ सेंमीच्या खाली असेल तर तुळस वर्षभरात खुरटते. आणि खळग्याला भोक आहे का, ते आरपार बाहेर उघडतं का, यासाठी दुकानातच तांब्याभर पाणी ओतून बघा. आमच्याकडे नळ दाराशीच आहे.